आरतीआधीचं कूपन

हुकूम आला तेव्हा आम्ही सकाळच्या पीटीवर होतो. फ्लड रिलीफ, एक कॉलम म्हणजे आमची तुकडी, कोल्हापूर जिल्हा. दोन असॉल्ट बोटी, तीन आउटबोर्ड मोटर, लाइफ जॅकेट, दोर, वायरलेस सेट. दुपारच्या आत गाड्या गेटबाहेर पडल्या पाहिजेत. मी तेव्हा इंजिनिअर रेजिमेंटमध्ये सुभेदार होतो आणि पेन्शन जवळ आली होती. बाकीच्यांना हा हुकूम म्हणजे नेहमीची एक ड्युटी होती. मला मात्र घरच्या जिल्ह्यात जायचं होतं, आणि तेही बोटीतून.

माझं गाव चंदगड तालुक्यात. पाऊस म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण चंदगडचं पाणी उतारावरून धावत निघून जातं. जिल्ह्याच्या पूर्वेला, पंचगंगेच्या काठाला, पाणी येतं, पसरतं आणि मुक्काम ठोकतं. घरात गुडघाभर, मग कमरेएवढं, मग पत्र्यापर्यंत. माणसं माडीवर चढतात, तिथून गच्चीवर, आणि मग चढायला काही उरत नाही.

कॉलम कमांडर होते कॅप्टन मेनन. वय सत्तावीस, डोकं थंड, मराठी शून्य. त्यामुळे गावकऱ्यांशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बोट ऑपरेटर होता नाईक जगतार सिंग, गुरदासपूरकडचा. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की पेट्रोलमध्ये पाणी गेलंय. फार बोलायचा नाही. बोलला तर हिंदीत, आणि तेही मोजकं.

रस्ता संपला तिथे आम्ही थांबलो. समोर पाणी, पाण्यात उसाचे शेंडे, आणि उजव्या हाताला एक माळ. त्या माळावर एका गुरुसंप्रदायाच्या न्यासाचं सत्संगाचं सभागृह होतं. परिसरात कोरडी राहिलेली मोठी इमारत तेवढी एकच. बाकीचे निवारे नदीच्या पलीकडे होते, आणि मधल्या धारेतून भरलेली बोट काढणं म्हणजे माणसं पाण्यात ओतण्यासारखं होतं. तहसीलदारांनी नकाशावर त्या सभागृहावर बोट ठेवलं. कॅप्टनसाहेबांनी मान हलवली. आमचा ड्रॉप पॉइंट ठरला.

मदत करणाऱ्या संस्थांबद्दल माझं मत तेव्हा बरं नव्हतं, आणि ते मी लपवतही नव्हतो. येताना हायवेवर पाहिलं होतं. ट्रकवर ट्रक, प्रत्येकाला बॅनर, बॅनरवर कुठल्या ना कुठल्या महाराजांचा, मंडळाचा नाहीतर पंथाचा फोटो. ट्रक डांबर असेल तिथपर्यंत येणार, पहिल्या गावात सगळं उतरवणार, फोटो काढणार आणि परत. रस्त्याकडेच्या घरात बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नाही आणि आत तीन किलोमीटरवर प्यायला पाणी नाही. जुन्या कपड्यांचे ढीग तर विचारू नका. भिजलेल्या शेरवान्या आणि उंच टाचांच्या चपला. पूरग्रस्तांनी काय लग्नाला जायचं होतं? माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पण सगळे एका माळेचे मणी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. नदीपलीकडच्या बाजारपेठेतल्या मशिदीने वरचा मजला पहिल्याच दिवशी उघडला होता. कुणाची अडचण नको म्हणून त्यांनी सगळा स्वयंपाक शाकाहारी ठेवला. मनाने केलं, जीव तोडून केलं, पण दोन दिवसांत गॅस आणि तांदूळ दोन्ही संपले आणि त्यांचे हात टेकले. एका ख्रिस्ती संस्थेच्या दोन नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या तहसील कचेरीत विचारलं, "कुठं अजून कुणी गेलेलं नाही?" तिथे त्या क्लोरीनच्या गोळ्या घेऊन गेल्या. अंगावरच्या जॅकेटवर ना क्रूस, ना नाव. मी त्यातल्या एकीला कारण विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं नियम हाय. मदतीच्या वेळी धर्माचा विषय काढायचा न्हाय. आणि मदत बघून कुणी स्वतःहून विचारलं, तरी आता न्हाय, नंतर." तरीही एका गावात लोकांनी गोळ्या परत दिल्या. बाटवायला आल्यात म्हणे. त्या बाईंनी गोळ्या ग्रामसेवकाच्या हातात ठेवल्या आणि त्याच्याकडून वाटायला लावल्या. मला हे आवडलं. काम झाल्याशी मतलब.

आणि मग आमचं सभागृह. खोटं कशाला बोलू, असा कारभार मी काही मिलिटरी कॅम्पमध्येही पाहिला नाही. संडास स्वयंपाकघरापासून लांब आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला. पिण्याचं पाणी उकळून. बायकांची निजायची सोय वेगळी आणि तिथे बायकाच पहाऱ्यावर. पांढऱ्या टोप्यांचे सेवक पाळ्या लावून राबत होते. इतरांची मदत दोन दिवसांत आटली, यांची चूल विझली नाही. त्यांच्या गावोगावच्या भक्तांकडून रोज पीठ, डाळ, सरपण येत होतं. कुणाला जात विचारली जात नव्हती, आडनाव विचारलं जात नव्हतं. एका पंगतीत सगळे. सरकारला जे जमलं नव्हतं ते यांना जमत होतं.

हे सगळं चालवत होते वसंतराव देसाई. कोल्हापूर शहरातले, बँकेतून निवृत्त झालेले, पंथाचे जुने साधक. कपडे चिखलाने माखलेले, आवाज बसलेला. तीन दिवस ते बसूनच झोपले होते.

पहिल्या संध्याकाळी मी आणि जगतार दारात उभे होतो. सभागृहात आरती सुरू झाली. सातशे-आठशे माणसं रांगेत उभी. आरती संपली तशी माणसं रांगेनेच पुढे सरकली आणि दारातल्या टेबलावर प्रत्येकाला जेवणाचं कूपन मिळालं. कूपन दाखवलं की ताट.

मी देसाईंना विचारलं, "आरतीनंतरच का?"

"मोजणीसाठी," ते म्हणाले. "आरतीला सगळे एका जागी येतात. डोकी मोजता येतात, कुणी दोनदा घेत नाही, चेंगराचेंगरी होत नाही. अन्न वाया जात नाही. गेल्या पुरापासूनची पद्धत आहे."

"आणि ज्याला आरती करायची नाही?"

"सक्ती कुणालाच नाही, सुभेदारसाहेब. नुसतं उभं राहिलं तरी चालतं."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. माणूस गर्दीचा विचार करत होता, धर्माचा नाही. परत येताना जगतार म्हणाला, "साब, हमारे लंगर में भी सिर ढकना पड़ता है. जूते उतारने पड़ते हैं. पर रोटी अरदास के बदले नहीं मिलती." मी म्हटलं, इथेही प्रार्थनेच्या बदल्यात नाही. तो म्हणाला, "देने वाले को पता है, साब. लेने वाले को कैसे पता?" आणि तो मोटरचा प्लग पुसायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेट वाजला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते, वरचं पाणी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पोचणार होतं. कोरेवाडी नावाच्या गावात दूध संस्थेच्या गच्चीवर पन्नासेक माणसं अडकली होती. इमारत जुनी, पाया पाण्यात. कुणीतरी फोनवरून कळवलं होतं की भिंतीला तडा गेलाय. त्यानंतर फोन लागत नव्हता. आमची दुसरी बोट वरच्या अंगाला एका दुसऱ्या गावात गुंतली होती. कोरेवाडीसाठी एकच बोट होती, जगतारची.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलेलं. गच्चीवर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, दोन शेळ्या. मी ओरडलो, "आधी पोरं आणि म्हातारी द्या खाली! दहाजण एका वेळी!"

कुणी हललं नाही.

कठड्याशी साठीचा एक माणूस आला. त्याने नाव सांगितलं, यशवंत कांबळे, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. वाडीत त्याचा शब्द चालायचा.

"पावणं, कुठं नेणार?"

"माळावरच्या हॉलात."

"मग बोट परत न्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तेच म्हणाला, शांतपणे.

"दुसरीकडं कुठं बी सोडा. झाडावर सोडा. त्या हॉलात आमी जाणार न्हाय."

"कांबळे, भिंत तडकलीय. पाणी वाढतंय. पलीकडं बोट जाऊ शकत न्हाय. दुसरी जागाच न्हाय."

"मला ठावं हाय की. तरी बी न्हाय."

त्याच्या मागे उभी असलेली सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. ती बौद्ध वस्ती होती. देवाला हात जोडायचे नाहीत अशी त्यांनी शपथ घेतलेली, आणि ती नुसती बोलायची नव्हती. मी बोटीत उभा होतो आणि अडचण लक्षात आली. कारण मला दारातलं ते टेबल आठवलं.

"आरतीचं म्हणताय ना? मी हाय तिथं. कूपन मी देतो तुमास्नी."

"तुमी किती दिस ऱ्हाणार? उद्या तुमास्नी दुसरीकडनं बोलावणं आलं की तुमी जाणार. मग ताट कुणाच्या हातात? त्यांच्याच की."

आम्ही उद्या असू की नाही हे खुद्द कॅप्टनसाहेबांना माहीत नव्हतं. सिव्हिलियन माणसाला जबरदस्तीने उचलून बोटीत घालायचा हुकूमही आम्हाला नव्हता, आणि नाखूष माणसं घेऊन ती बोट दहा मिनिटंसुद्धा तरंगली नसती. मी सेट हातात घेतला. टायगर म्हणजे कॅप्टनसाहेब, टायगर वन आमची बोट; बोलणं हिंदी-इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत सांगतोय.

"टायगर, दिस इज टायगर वन. सिव्हिलियन्स बोर्डिंग नाकारतायत. कारण हॉलमधली कूपनची पद्धत. देसाईंना बोटीवर पाठवायची परवानगी पाहिजे. ओव्हर."

"टायगर वन, से अगेन रीझन. ओव्हर."

मी पुन्हा सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर.

"रॉजर. परत ये. घेऊन जा. आउट."

माळावर पोचल्यावर मी देसाईंना सगळं सांगितलं. ते गोंधळले. "पण आम्ही कुणाला हाकललं नाही हो. कधीच नाही." मग म्हणाले, "पद्धत बदलायचा अधिकार माझा नाही. पीठावर, महाराजांना विचारावं लागेल." त्यांचा फोन लागत नव्हता. आमच्या सेटवरून कलेक्टर कचेरीच्या कंट्रोल रूमला निरोप गेला, तिथून कुणीतरी पीठावर फोन केला. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. पाणी वाढत होतं आणि आम्ही एका कूपनासाठी परवानगीची वाट पाहत होतो. माझी बोलायची इच्छा फार होती, पण कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

उत्तर आलं. "महाराज अनुष्ठानात आहेत. थांबावं."

देसाईंनी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आता हे नामस्मरण करणार. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "चला."

निघण्याआधी त्यांनी दारातलं टेबल सेवकांकडून उचलवून बाहेरच्या ओसरीत ठेवलं. पोरांना सांगितलं, "इथं नाव सांगायचं, इथंच कूपन घ्यायचं. आल्या आल्या. आरती ज्याला हवी त्यानं आत यावं." एक सेवक म्हणाला, "काका, पीठावरून निरोप..." देसाई म्हणाले, "तो मला आलाय. तुला नाही."

कोरेवाडीला परत पोचलो तेव्हा तडा रुंद झाला होता. बोटीतूनही दिसत होता. मी आणि देसाई दोराने गच्चीवर चढलो. गच्चीवरही पाऊल बुडेल एवढं पाणी साचलं होतं.

देसाई यशवंतला म्हणाले, "कूपन आता बाहेर ओसरीत, आल्या आल्या मिळेल. आरतीशी त्याचा संबंध नाही. मी जबाबदारी घेतो."

"गेल्या पुरात बी तुमीच हुता न्हवं तिथं?"

"होय."

"आमी हुतो तिथं. सत्तर माणसं. माझी आई हुती. साखरेचा आजार. सांजच्याला सुई टोचायची, आणि सुई टोचल्यावर लगेच खायाचं, असं डॉक्टरनी सांगितल्यालं. सुई टोचली. जेवाण तयार हुतं, वास येत हुता. मी टेबलाशी गेलो. तुमच्या पोरानं सांगितलं, आधी आरती, मग कूपन. पोरगं वाईट न्हवतं. सांगितल्यालं ते बोललं. आरती लांबली. त्या दिशी कोणतरी पावणं आल्यालं, त्यांचं भाषाण झालं. आई तिथंच भिताडाला टेकून पडली. दवाखान्यात नेली. परत आली न्हाय."

देसाई हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही. सक्ती नव्हती हो. आमची सक्ती कधीच नव्हती."

"व्हय. सक्ती न्हवती," यशवंत म्हणाला. "भूक हुती."

देसाई त्या पाण्यात मटकन खाली बसले. बँकेत आयुष्य काढलेला, कित्येक रात्री आडवा न झालेला तो माणूस, हजारोंना जेवू घातलेला. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं होतं मी यांच्यावर चिडेन, पण राग कुठल्या कुठे गेला. चांगल्या हेतूने लावलेल्या रांगेत एक बाई मेली होती आणि हे त्यांना ती मेल्यानंतर दोन वर्षांनी, एका फुटत्या गच्चीवर कळत होतं. कुणाचा हेतू काय असतो हे मला आजही ओळखता येत नाही. पण हेतू देणाऱ्याच्या मनात राहतो आणि अट घेणाऱ्याच्या ताटासमोर उभी राहते, एवढं मी त्या दिवशी पाहिलं.

देसाई बसल्या जागेवरून म्हणाले, "कांबळे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची दोन माणसं त्या टेबलावर बसवा. कूपन तुमच्याच हातानं द्या. सगळ्यांना. आमच्याही माणसांना."

खालून जगतारचा आवाज आला, "साब, पानी!" भिंतीतून एक वीट निसटून पाण्यात पडली. यशवंतने मागे वळून वाडीला सांगितलं, "चला. आधी पोरं."

मग आम्ही जे केलं ते कवायतीसारखं केलं. दहा माणसं, दोर, जॅकेट, बोट. जगतार घेऊन जाई, सोडून परत येई. पाण्याचा वेग प्रत्येक फेरीला वाढत होता. पहिल्या फेरीत पोरांबरोबर यशवंतची सून आणि दुसरा एक तरुण गेला, टेबलावर बसायला. दुसऱ्या फेरीत म्हातारी माणसं. तिसऱ्या फेरीत देसाई गेले. मी त्यांना जवळजवळ ढकललं. चौथ्या फेरीत शेळ्यांवरून वाद झाला. जगतार म्हणाला, "आने दो, साब." शेळ्याही गेल्या.

पाचवी फेरी शेवटची. यशवंत, वाडीतली सहा माणसं आणि मी. आम्ही गच्ची सोडली आणि थोड्याच वेळात मागे मोठा आवाज झाला. दूध संस्थेची नदीकडची भिंत बसली होती. गच्ची तिरपी झाली आणि पाण्यात गेली. बोटीतल्या एका बाईने तोंडावर पदर धरला.

भिंत पडल्याची लाट आली आणि आम्हाला उसात ढकलून गेली. मोटर अडकली. उसाचा पाला पंख्याला गुंडाळला गेला होता. इंजिन बंद, बोट धारेला लागली. समोर विजेच्या खांबांची ओळ. खांब पाण्याखाली, फक्त वरचे दांडे दिसत होते.

"जगतार, वल्ही!"

"मेरे को दो मिनट, साब."

तो मागच्या बाजूला पोटावर झोपला, हात पाण्यात घालून पाला ओढायला लागला. मी आणि यशवंतने वल्ही मारली. यशवंत चांगलं वल्हवत होता. आम्ही दोन खांब चुकवले. जगतारने पाला काढला, ओरडला, "हो गया!" आणि उठून दोरी ओढली. इंजिन लागलं. त्याच वेळी बोटीचा मागचा भाग पाण्याखालच्या कशाला तरी आदळला. मी पुढे पडलो. उठून पाहिलं तर जगतार नव्हता.

त्याचं लाल जॅकेट दिसलं, खांबापलीकडे. हात वर होता. मी दोर फेकला. दोर पोचला. त्याने धरलेला मी पाहिला. मग पाण्यातून एक आख्खं झाड आलं आणि दोर सैल पडला.

"टायगर, टायगर वन. मॅन ओव्हरबोर्ड. नाईक जगतार सिंग. कोरेवाडीच्या खाली, खांबांच्या ओळीपाशी. ओव्हर."

"टायगर वन, सिव्हिलियन्स? ओव्हर."

"सेफ. माझ्याबरोबर आहेत. मी शोधतोय. ओव्हर."

"निगेटिव्ह. आधी सिव्हिलियन्स सोड. दुसरी बोट शोधाला पाठवतोय. ॲक्नॉलेज."

मी ॲक्नॉलेज केलं. हुकूम बरोबर होता. बोट चालवत मी माळाकडे आलो. यशवंत दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होता.

माळावर ओसरीत टेबल होतं. यशवंतची सून कूपनं देत होती. सगळ्यांना, हॉलमधल्या जुन्या लोकांनाही. आरती झाली होती की व्हायची होती, मला आठवत नाही. ताटं वाढली गेली होती. भात, आमटी, भाकरी. कोरेवाडीची माणसं ताटं समोर घेऊन ओसरीत बसली होती. मी आलो, एकटा आलो हे त्यांनी पाहिलं. दुसरी बोट शोधात होती आणि दिवस मावळायला लागला होता.

त्यांनी ताटाला हात लावला नाही. पोरांनीसुद्धा नाही. आत हॉलमधल्या लोकांना कळलं आणि तेही थांबले. देसाई यशवंतच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले. आमटी निवली, वर पापुद्रा धरला. दुसरी बोट परत आली तेव्हा कॅप्टनसाहेब त्यात मान खाली घालून उभे होते.

जगतार दोन दिवसांनी सापडला, उसात, खालच्या अंगाला. जॅकेट अंगावर होतं. त्याचे वडील सरदार हरबन्स सिंग गुरदासपूरहून आले. कॉलमने त्यांना माळावर आणलं, कारण तिथपर्यंतच रस्ता होता. न्यासाच्या लोकांनी विचारलं, शोकसभा घेऊ का, फलक लावू का, पीठावरूनही संदेश येतोय. वाडीतल्यांनी बुद्धवंदना म्हणायची का विचारलं. मशिदीतून दोघे आले होते, ते नुसते उभे होते. त्या म्हाताऱ्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हात जोडून सगळ्यांना नको म्हटलं. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघांनी अरदास, त्यांची प्रार्थना, केली. बाकीचे सगळे बाजूला उभे राहिले, कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही.

मग त्यांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, कसा गेला, दोर होता का, असं काही विचारतील. मी तयारी केली होती.

"जिनको मेरा बेटा लाया," ते म्हणाले, "उन्होंने उस दिन खाना खाया?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"नहीं, बाबाजी. किसी ने नहीं खाया. थालियाँ सामने थीं. उसका इंतज़ार कर रहे थे."

ते ओसरीत गेले, कोरेवाडीच्या माणसांच्या ओळीत खाली बसले आणि यशवंतच्या सुनेपुढे हात केला. तिने कूपन त्यांच्या हातात ठेवलं. ती रडत होती. देसाईंनी स्वतः वाढलं. म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. आजूबाजूच्या ताटांकडे बघत राहिला. मग यशवंतने घास घेतला, मग त्याच्या सुनेने, मग पोरांनी. सगळ्यांचं सुरू झाल्यावर म्हाताऱ्याने आपला घास तोंडात घातला.

नाईक जगतार सिंग. वय एकतीस. पाच फेऱ्या, पन्नासेक माणसं आणि दोन शेळ्या. त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, गाव दोन हजार किलोमीटर लांब. बोटीत घेताना त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं.